क्रीडाबुटांच्या जाहिरातीसाठी प्रॉम्प्टलेखन : गोठवलेली गती, जाळीची वीण आणि तळाची रचना

सारांश

शब्दांवरून चित्र तयार करणाऱ्या संगणकीय प्रणाली २०२२ पासून सर्वसामान्यांच्या हाती आल्या. अशा प्रणालीला दिल्या जाणाऱ्या लिखित सूचनेस प्रॉम्प्ट म्हणतात. क्रीडाबुटाच्या जाहिरातीसाठी लिहिलेल्या प्रॉम्प्टमध्ये वेगवान हालचाल, जाळीदार कापडाचा पोत, तळाचा तपशील आणि गोठवलेली गती या चार अपेक्षा सहसा एकत्र आढळतात. या अपेक्षा परस्परविरोधी आहेत. त्यांची केवळ यादी न देता, त्या एकाच वेळी पूर्ण होतील अशी छायाचित्रणाची मांडणी प्रॉम्प्टमध्ये लिहावी लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

जाहिरातकला, दृश्यसंवाद किंवा वाणिज्य या विषयांच्या वर्गात विद्यार्थ्यांना प्रॉम्प्टलेखनाचा स्वाध्याय दिला, तर पहिला प्रयत्न बहुधा पुढील स्वरूपाचा असतो.

```
dynamic sports shoe ad, mesh texture, detailed sole, frozen motion
```

या ओळीत चूक असा एकही शब्द नाही. तरीही तिच्यातून येणारे चित्र बहुधा एकाच साच्याचे असते : बूट हवेत तरंगतो, त्याची एक बाजू दिसते, भोवती पाणी किंवा रंगीत धूळ उसळते आणि तळाची केवळ कडा दिसते. बूट कोणाच्याही पायात नसतो. कारण उघड आहे. बूट बाजूने पाहिला तर तळ दिसत नाही आणि तळ समोर धरला तर जाळी लपते. या दोहोंतून मार्ग कसा काढावा, हे वरील ओळीने सांगितलेलेच नाही. निवड लेखकाने न केल्यास प्रणाली तिच्या संग्रहात सर्वाधिक आढळणारी मांडणी उचलते. म्हणून प्रथम या चार अपेक्षांचे छायाचित्रणातील मूळ पाहणे आवश्यक ठरते.

गती गोठवणे म्हणजे काय?

समजा, एक धावपटू सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत आहे. जमिनीवर टेकलेला पाय त्या क्षणी जवळपास स्थिर असतो. उलट, मागून पुढे येणारा पाय शरीराच्या जवळपास दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १० मीटर सरकतो. कॅमेऱ्याची झडप १/१००० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्या काळात हा पाय १ सेंटिमीटर पुढे जातो. जाळीचे एक छिद्र २ मिलिमीटरचे मानले, तर एका छिद्राचा ठसा पाच छिद्रांवर पसरतो आणि जाळीच्या जागी सपाट राखाडी पट्टा उरतो. तोच पाय १/२०,००० सेकंदाच्या प्रकाशझोतात टिपला, तर त्याचे सरकणे अवघे अर्धा मिलिमीटर होते आणि छिद्रे शाबूत राहतात.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक हॅरल्ड एजर्टन यांनी हे तत्त्व विजेच्या अत्यल्पकालीन झोतांच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणले. दुधाचा थेंब पडून उसळलेला मुकुट दाखवणारे त्यांचे १९५७ चे रंगीत छायाचित्र प्रसिद्ध आहे. या पद्धतीत गती गोठते ती झोताच्या अल्पकाळामुळे. त्यासाठी भोवतालचा इतर प्रकाश कमी ठेवावा लागतो. गोठवलेल्या गतीच्या अनेक चित्रांची पार्श्वभूमी काळी असण्यामागे सौंदर्यदृष्टीइतकेच हे तांत्रिक कारणही आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. चित्रनिर्मिती करणाऱ्या प्रणालीत झडपही नसते आणि प्रकाशझोतही नसतो. प्रॉम्प्टमध्ये १/८००० असा आकडा लिहिल्यास ती त्यावरून कोणतेही गणित करीत नाही. त्या आकड्यासह वर्णन केलेल्या छायाचित्रांकडे तिचा कल थोडासा झुकतो, इतकेच. त्यामुळे उपकरणाची आकडेवारी देण्यापेक्षा तिचा दृश्य परिणाम लिहिणे अधिक उपयुक्त ठरते. थेंब सुटे आणि रेखीव आहेत, पार्श्वभूमी गडद आहे, हे सांगावे.

क्षणाची निवड

पूर्णपणे गोठवलेला बूट स्थिर बुटासारखाच दिसतो. मग वेग कोठून जाणवणार? तो पायाच्या ठेवणीतून आणि भोवतालच्या वस्तूंतून जाणवतो. म्हणून धावण्याच्या चक्रातील कोणता क्षण हवा, हे निश्चित करणे हा प्रॉम्प्टचा गाभा होय.

टाच टेकण्याचा क्षण घेतला तर पावलाचा पुढचा भाग वर असतो आणि तळ पुढील दिशेने दिसतो. परंतु तेथे शरीराचा वेग अडवला जात असतो. त्याऐवजी पंजा जमीन सोडण्याच्या बेतात असतानाचा क्षण घ्यावा. टाच उंच उचललेली असते, बूट बोटांच्या मुळाशी वाकलेला असतो आणि तळाचा मोठा भाग मागील बाजूस वळलेला असतो. पुढे झेपावण्याचा भाव या ठेवणीतच असतो. शिवाय बुटाचे टोक अद्याप जमिनीला टेकलेले असल्याने बूट अधांतरी वाटत नाही.

आता कॅमेरा मागून, बाहेरच्या अंगाने आणि जमिनीलगत ठेवला, तर तळ आणि बुटाची बाहेरील जाळीदार बाजू एकाच चौकटीत दिसतात. बोटांवरील जाळी मात्र या कोनातून दिसणार नाही. ती सोडून द्यावी लागते. ओल्या मार्गावरून पाय उचलला जाताना पाणी मागे उडते, म्हणजे ते कॅमेरा आणि तळ यांच्या मध्ये येते. थेंब भरपूर मागितले तर ज्या तळासाठी हा कोन निवडला तोच झाकला जाईल. म्हणून थेंब मोजकेच असावेत.

जाळी आणि प्रकाश

पोत दाखवण्यासाठी बाजूने प्रकाश द्यावा, असा छायाचित्रणातील सर्वपरिचित संकेत आहे. परंतु येथे तो शब्दशः पाळल्यास हानी होते. उजव्या बुटाची बाहेरील जाळी उजवीकडे तोंड करून असते. उजव्या बाजूने आलेला प्रकाश तिच्यावर सरळ पडतो, छिद्रांत सावली उरत नाही आणि वीण सपाट दिसते. जाळीला घासून जाणारा प्रकाश हवा असेल, तर तो धावपटूच्या समोरून, जाळीच्या पृष्ठभागाला जवळपास समांतर आला पाहिजे. तेव्हाच प्रत्येक धाग्याची एक कड उजळते आणि छिद्र गडद होते.

तळ मागे वळलेला असल्याने समोरचा प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. काळ्या रबराच्या खाचा अशा वेळी एकसंध काळ्या डागासारख्या दिसतात. त्यासाठी दुसरा प्रकाश पायाच्या आतल्या बाजूने, तळाला घासून जाईल असा द्यावा. प्रकाशाचा उगम आणि तो कोणत्या पृष्ठभागाला घासतो, या दोन्ही गोष्टी लिहिल्याशिवाय ‘नाट्यमय प्रकाश’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

प्रॉम्प्टची बांधणी

वरील निर्णय एकत्र केल्यावर पुढील प्रॉम्प्ट तयार होतो. बहुतेक प्रणालींचे शिक्षण मुख्यतः इंग्रजी वर्णनांवर झालेले असल्याने तो इंग्रजीत दिला आहे.

```
Low camera behind and to the outer side of a runner's right foot
at toe-off, heel raised, shoe bent at the ball, toe touching
wet track. Rubber sole and outer mesh panel both visible.
Hard light from ahead grazing the mesh, light from the inner
side skimming the sole grooves. Dark background.
A few sharp, separate water drops.
```

यात ‘dynamic’ हा शब्द नाही, ‘frozen motion’ हेही शब्द नाहीत. त्यांची कारणे मात्र आहेत. क्रमही विचारपूर्वक ठेवला आहे : प्रथम कॅमेरा आणि पायाची ठेवण, मग काय दिसावे, नंतर प्रकाश आणि शेवटी थेंब. स्टेबल डिफ्यूजनच्या आरंभीच्या आवृत्त्यांत मजकूर वाचणारा घटक ७७ टोकनांपलीकडचा भाग मुळात वाचतच नसे. शब्द किंवा शब्दाचा तुकडा म्हणजे एक टोकन. पुढील प्रणालींत ही मर्यादा सैल झाली, तरी अत्यावश्यक ते आधी लिहिण्याची शिस्त उपयुक्तच आहे. सुमारे साठ शब्दांचा हा प्रॉम्प्ट थोडक्यात आटोपतो.

चित्राचे परीक्षण

आलेले चित्र पूर्ण मोठे करून तपासावे. बूट बोटांच्या मुळाशी वाकला आहे की पावलाच्या मध्यावर, हे पहिल्यांदा पाहावे. मध्यावर वाकलेले पाऊल शरीररचनेत बसत नाही. दुसरे, बूट खरोखर उजवा आहे का आणि दिसणारी बाजू बाहेरची आहे का, हे ताडून पाहावे. तिसरे, जाळीची एक ओळ टाचेपासून पुढे डोळ्यांनी अनुसरावी. खऱ्या विणीत ती शिवणीपर्यंत अखंड जाते. बनावट विणीत ती मध्येच विरघळते किंवा छिद्रांचा आकार अकारण बदलतो.

या दोषाचे कारण प्रणालीच्या रचनेत आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या २०२२ मधील आवृत्तीत ५१२ × ५१२ बिंदूंचे चित्र प्रथम ६४ × ६४ घरांच्या संक्षिप्त रूपात घडते. म्हणजे एक घर मूळ चित्रातील ८ × ८ बिंदूंचे प्रतिनिधित्व करते. छिद्रे याहून बारीक असली, तर त्यांची नेमकी जागा टिकण्याऐवजी अंदाजाने भरली जाते. उपाय प्रॉम्प्टमध्ये विशेषणे वाढवण्याचा नाही. चौकटीत बूट मोठा घ्यावा, अथवा जाळीचा भाग वेगळा मोठ्या आकारात पुन्हा तयार करून घ्यावा.

मर्यादा

प्रॉम्प्ट कितीही काटेकोर असला तरी त्यातून येणारा तळ हा कोणत्याही विक्रीयोग्य बुटाचा तळ नसतो. खाचांची खोली, रबराची मांडणी, जाळीची घनता ही ग्राहकाच्या दृष्टीने शोभा नसून पकड आणि हवा खेळती राहण्याबाबतची माहिती असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूचे खोटे वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. म्हणून निर्मित चित्राचा उपयोग मांडणीचा आराखडा म्हणून करावा. प्रत्यक्ष जाहिरातीत बुटाचे छायाचित्र त्याच कोनातून, त्याच प्रकाशात घ्यावे आणि प्रणालीकडून फार तर मार्ग, पाणी व पार्श्वभूमी घ्यावी.

निष्कर्ष

गोठवलेली गती, जाळी आणि तळ या अपेक्षांची जुळणी शब्दांच्या संख्येने होत नाही. ती क्षण, कोन आणि प्रकाशाची दिशा निवडल्याने होते. या निवडीत बोटांवरील जाळी आणि पाण्याचा मोठा उसळता फवारा सोडून द्यावा लागतो. विद्यार्थ्याच्या प्रॉम्प्टचे मूल्यमापन करताना त्याने काय मागितले याबरोबरच काय सोडले आणि का, हे विचारल्यास त्याला मांडणी उमगली आहे की नाही, याचा उलगडा होतो.