कोल्ड स्टोरेजची आग लवकर आटोक्यात का येत नाही? बेदाणा ठेवण्याआधी शेतकऱ्यांनी काय बघावं

तासगाव : फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाणा शेडवरून उतरला, की तो पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरून कोल्ड स्टोरेजला जातो. भाव येईपर्यंत माल तिथेच राहतो. शेतकऱ्याच्या हातात असते फक्त पावती. आत माल कसा रचलाय, भिंत कशाची आहे, हे बघायला सहसा कोणी जात नाही. आग लागल्यावर मात्र सगळा हिशोब याच दोन गोष्टींवर येऊन थांबतो.

बेदाणा स्वतः काही पटकन पेट घेत नाही. पेटतो तो पुठ्ठ्याचा बॉक्स, आतली प्लास्टिकची पिशवी, फळ्या आणि भिंतीतला फोम. कोल्ड स्टोरेजची भिंत म्हणजे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये भरलेला फोम. बहुतेक ठिकाणी हा फोम ‘पफ’ असतो, काही जुन्या किंवा स्वस्तातल्या बांधकामात थर्माकोल. थर्माकोल उष्णतेने वितळतो, त्याचे जळते थेंब खाली गळतात आणि भिंत आतून पोकळ होते. पफ वितळत नाही, पण जळतो, आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईडबरोबर सायनाईडचा विषारी वायूही असतो. ‘पीआयआर’ नावाचा फोम आगीपुढे जरा जास्त टिकतो. रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, जळतच नाही. पण ती महाग आणि जड पडते, शिवाय गारवा धरायला जास्त जाडी लागते.

खरी अडचण पत्र्याची आहे. फोम आत पेटला तरी बाहेरून पत्रा जवळपास तसाच दिसतो. अग्निशमनचे जवान पाणी मारतात ते पत्र्यावरून घसरून खाली येतं, आणि आग आतल्या आत पुढच्या चेंबरपर्यंत पोचते. फोम जळाला की पत्रा सुटतो आणि छताचे पॅनेल अचानक खाली येतात. म्हणून अशा इमारतीत जवान आत शिरायला कचरतात. त्यात त्यांची चूक नाही.

दक्षिण कोरियातल्या इचिओन शहरात २९ एप्रिल २०२० रोजी एका गोदामाचं बांधकाम सुरू असताना आग लागली आणि ३८ कामगार गेले. तळघरात कूलिंग युनिटच्या पाईपचं वेल्डिंग चालू होतं, त्याची ठिणगी युरेथेनच्या फोमला लागली. पफ म्हणजे तोच फोम. त्याच शहरात २००८ मध्ये एका कोल्ड स्टोरेजच्या आगीत ४० जण गेले होते.

आपल्याकडेही सीझनच्या आधी दुरुस्ती निघते. पाईप बदलायचा, दाराची चौकट जोडायची, वायरिंग पुढे न्यायचं. वेल्डर येतो, पॅनेलला भोक पाडतो, काम करून जातो. ठिणगी फोममध्ये धुमसत राहते आणि दोन-तीन तासांनी, सगळे घरी गेल्यावर, पेट घेते. म्हणून वेल्डिंग संपल्यावरही एक माणूस तिथं पाण्यासह बसवून ठेवावा लागतो. वायर पॅनेलमधून नेताना मोकळी न सोडता नळीतून न्यायची आणि कापलेल्या कडेचा उघडा फोम पत्र्याने झाकायचा, हे काम किरकोळ वाटतं, पण बऱ्याच वेळा तेवढंच राहून जातं.

आता माल रचण्याकडे येऊ. समजा, एका चेंबरमध्ये रॅक नऊ मीटर उंच आहे आणि दीड-दीड मीटरचे सहा मजले आहेत. स्प्रिंकलर फक्त छताला आहेत. दुसऱ्या मजल्यावर, जमिनीपासून दोन मीटरवर, वायर शॉर्ट होऊन बॉक्स पेटला. रॅकच्या दोन रांगांमधली फट धुरांड्यासारखं काम करते. जाळ त्या फटीतून वर चढतो आणि प्रत्येक मजल्यावरचे बॉक्स पेटवत जातो.

स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते. नेहमीची लाल नळी ६८ अंशाला फुटते आणि फक्त तेवढाच एक नोझल उघडतो. सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम सुरू होत नाहीत. छतापाशी ६८ अंश होईपर्यंत खाली तीन-चार मजले पेटलेले असतात. आणि पाणी पडतं ते सगळ्यात वरच्या बॉक्सवर. वरचे बॉक्स छत्रीसारखे आडवे येतात, खालची आग कोरडीच राहते. पुठ्ठा भिजला की वरची थप्पी ढासळते, तो धोका वेगळाच.

यावर उपाय म्हणून रॅकच्या आतच, मधल्या मजल्यांवर, स्प्रिंकलर बसवतात. वरच्या उदाहरणात दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये नोझल असता तर तो जाळापासून हाताच्या अंतरावर असता, लवकर फुटला असता आणि पाणी थेट जळत्या बॉक्सवर पडलं असतं. त्याच्या डोक्यावर एक छोटी चकती लागते. नाहीतर वरच्या नोझलचं पाणी त्याच्या काचेवर पडून ती थंड राहते आणि फुटतच नाही. फोर्कलिफ्टचा धक्का लागू नये म्हणून जाळीही लागते.

थंडीमुळे आणखी एक प्रश्न येतो. पाईपात कायम पाणी भरलेली पद्धत चार अंशाच्या खाली चालत नाही, पाणी गोठून पाईप फुटतो. म्हणून मटार किंवा मासे ठेवणाऱ्या उणे तापमानाच्या चेंबरमध्ये पाईपात दाबाची हवा भरतात. नोझल फुटला की हवा निघते आणि मग बाहेरच्या व्हॉल्व्हमधून पाणी येतं. यात थोडा वेळ जातो. हवा कोरडी नसेल तर तिच्यातल्या ओलाव्याचा बर्फ आत साचून पाईप तुंबतो, आणि हे आग लागेपर्यंत कळत नाही. म्हणून ठराविक काळाने पाईप उघडून आतून तपासावे लागतात.

उंचीचा नियम मात्र कुणालाही डोळ्यांनी तपासता येतो. छताच्या साध्या स्प्रिंकलरपासून मालाच्या वरच्या टोकापर्यंत किमान दीड फूट मोकळी जागा हवी, नाहीतर पाण्याची छत्री पसरत नाही. काही मोठ्या स्प्रिंकलरना तीन फूट लागतात. भर सीझनला हीच दीड फुटाची जागा सगळ्यात आधी भरली जाते. रांगांमधल्या फटीही बॉक्स कोंबून बंद करतात. ‘एवढे पन्नास बॉक्स कुठं ठेवू’ हा मालकाचा प्रश्न खोटा नाही, पण फट बंद झाली की खाली पाणी उतरायचा रस्ताही बंद होतो आणि जाळ आडवा पसरतो.

माल नेताना मॅनेजरला चेंबर दाखवायला सांगावं. पॅनेल पफचं की थर्माकोलचं, रॅकच्या आत स्प्रिंकलर आहेत की फक्त छताला, हे विचारावं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार मालकाने दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो. त्याची प्रत बघायला मागावी आणि तारीख बघावी. पावतीवर विमा लिहिलाय का, आणि तो इमारतीचा आहे की आतल्या मालाचा, हेही वाचून घ्यावं. इमारतीच्या विम्यातून बेदाण्याचे पैसे मिळत नाहीत. धुराचा वास लागलेला माल न जळताही बाजारात चालत नाही, म्हणून धुराने खराब झालेल्या मालाची भरपाई मिळते का, तेही आधीच विचारून ठेवावं.