बसलेला आवाज आणि घशाची दुर्बीण

आवाज बसला की पहिले काही दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळद-दूध यांवर निभावतात. सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज बहुतेक वेळा दोन आठवड्यांत पूर्ववत होतो. तीन-चार आठवडे उलटूनही तो घोगराच राहिला, तर मात्र स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहावे लागते. तोंड उघडून टॉर्चच्या उजेडात दिसतो तो घशाचा वरचा भाग. स्वरयंत्र त्याच्या खाली, जिभेच्या मुळामागे दडलेले असते.

अर्नाळ्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या पन्नाशीतल्या एका महिलेचे उदाहरण घेऊ. अडीच महिने आवाज घोगरा, बोलताना दम लागतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. गिऱ्हाइकांना हाका मारून आवाज बसला असेल, असे घरच्यांना वाटते. आधी खोकल्याचे औषध झाले, मग ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. फरक पडला नाही, तेव्हा त्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे येतात आणि दुर्बिणीचे नाव ऐकून घाबरतात.

ही दुर्बीण म्हणजे जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची, वाकणारी नळी. तिच्या टोकाशी उजेड असतो आणि चित्र पडद्यावर दिसते. तपासणी ओपीडीत, खुर्चीवर बसवूनच होते. भूल देऊन झोपवावे लागत नाही. नाकात आकुंचनाचे आणि बधिर करणारे औषध फवारतात किंवा त्यात भिजवलेला कापूस ठेवतात. औषध घशात उतरले की चव कडवट लागते आणि घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. ते औषधामुळे असते. बधिर करणाऱ्या औषधाची पूर्वी ॲलर्जी आली असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर हे आधीच सांगावे.

मग नळी नाकाच्या ज्या बाजूला जास्त जागा असेल तिथून सावकाश आत जाते. नाकात दाब जाणवतो, डोळ्यांत पाणी येते, कधी शिंक येते. नाकाने श्वास घेत राहिल्यास नळी घशात सहज उतरते. ती श्वासनलिकेत शिरत नाही, स्वरयंत्राच्या वरच थांबते. त्यामुळे श्वास कोंडत नाही.

खरी तपासणी इथून सुरू होते. डॉक्टर लांब ‘ई’ म्हणायला आणि मग खोल श्वास घ्यायला सांगतात. स्वरयंत्रात दोन पांढुरक्या पट्ट्या असतात, त्यांना स्वररज्जू म्हणतात. ‘ई’ म्हणताना त्या एकमेकींना चिकटतात, श्वास घेताना दूर होतात. सतत मोठ्याने बोलणाऱ्यांत त्यांवर बारीक गाठी दिसतात. तंबाखू किंवा विडी ओढणाऱ्यांत पांढरा चट्टा किंवा खडबडीत वाढ दिसली, तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते. सारे दोन-तीन मिनिटांत आटोपते.

या महिलेच्या स्वररज्जूंवर गाठही नव्हती, चट्टाही नव्हता. पण डावी स्वररज्जू हलतच नव्हती. उजवी पुढे यायची, मधे फट राहायची. त्या फटीतून हवा निसटायची म्हणून बोलताना दम लागायचा, आणि पाणी शिरायचे म्हणून ठसका लागायचा.

डाव्या स्वररज्जूला हलवणारी नस मानेतून सरळ स्वरयंत्राकडे जात नाही. ती छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा मानेत चढते. म्हणून दोष घशात दिसला, तरी कारण थायरॉइडमध्ये, फुप्फुसात किंवा छातीतल्या गाठींमध्ये असू शकते. ते दुर्बिणीला दिसत नाही. मानेपासून छातीपर्यंतच्या सीटी स्कॅनमध्ये महाधमनीजवळ सुजलेल्या गाठी आढळल्या आणि त्यांचा तुकडा तपासल्यावर क्षयरोग निघाला. त्यावर किमान सहा महिन्यांचे औषध आहे. आवाज पूर्ण परतेलच असे सांगता येत नाही. नस किती दुखावली, यावर ते ठरते.

संशयास्पद वाढ दिसल्यास दुर्बीण निदानाची पहिली पायरी ठरते, शेवटची नव्हे. कर्करोग आहे की नाही हे तुकडा तपासल्यावरच कळते आणि त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते.

तपासणीनंतर घसा तासभर बधिर असतो. तेवढ्या वेळात चहा-पाणी घेतल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ-पिऊ नये. नाकातून थेंबभर रक्त आल्यास नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबून पुढे वाकून बसावे. पंधरा मिनिटांत थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. आणि आवाज बसण्याबरोबर श्वास घेताना घरघर किंवा शिटीसारखा आवाज येत असेल, तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे.