फोटोतले माकड कोणते?

माथेरानच्या कठड्यावर बसलेल्या माकडाचा फोटो समोर आला, तर मी आधी शेपूट पाहतो. चेहरा पुष्कळदा फसवतो.

वानर ओळखणे सोपे. चेहरा काळाकुळकुळीत, अंग राखाडी, हातपाय लांब आणि शेपूट धडापेक्षाही लांब. फक्त पिल्लू गोंधळात टाकते, कारण जन्मतः त्याची लव काळपट आणि चेहरा फिकट असतो. अशा वेळी ते ज्या मादीला बिलगले आहे तिचा चेहरा पाहावा.

खरी अडचण लाल तोंडाच्या माकडांची. आपल्याकडचे टोपी माकड आणि उत्तरेकडचे ऱ्हीसस, दोन्ही तपकिरी आणि दिसायला सारख्याच बांध्याची. टोपी माकडाची शेपूट जवळपास धडाइतकी किंवा त्याहून लांब असते. ऱ्हीससची मात्र धडाच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय टोपी माकडाच्या डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस चहूबाजूंना पसरतात, तर ऱ्हीससच्या कमरेखालचा भाग नारिंगी दिसतो. चेहऱ्याच्या लालीवर विसंबू नये. काही टोपी माकडिणींचाही चेहरा लाल असतो.

कठड्यावरच्या त्या माकडाची शेपूट खाली लांब लोंबते आहे आणि डोक्यावर भांग आहे, म्हणजे ते टोपी माकड. शेपूट तुटलेली असेल किंवा अंगाखाली दडली असेल, तर डोके आणि कंबर पाहावी. तीही दिसत नसतील, तर नाव लिहू नये.

तापी-गोदावरीचा पट्टा ही या दोघांमधली जुनी सीमा, पण ऱ्हीसस आता दक्षिणेकडे सरकते आहे. म्हणून फोटोसोबत गाव आणि तारीख जरूर नोंदवा.