होडीचं लायसन्स आणि एक काउंटर

बंदीचे दोन महिने संपत आले की लायसन्स नूतनीकरणाची धावपळ सुरू होते. १ ऑगस्टला समुद्र उघडतो, म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकाच खिडकीवर. या वर्षी एका सभासद काकांसोबत मी दोन वेळा त्या काउंटरवर गेलो. कुणा कर्मचाऱ्याचं नाव घेणार नाही, पण अनुभव सांगायलाच हवा.

पहिल्या दिवशी साडेनऊला रांगेत उभे राहिलो. टोकन नाही, बसायला एकच बाकडं. नंबर लागला बारा वाजून दहा मिनिटांनी आणि खिडकीवरचं काम झालं पाच मिनिटांत. म्हणजे काम झालंच नाही, परत पाठवलं. होडीचा फोटो होता, पण त्यात IND-GA ने सुरू होणारा नंबर वाचता येत नव्हता. रंग उडालेला. शिवाय आऊटबोर्ड इंजिनाचं बिल हवं होतं. ऑनलाईन अर्जाचा ओटीपी जातो तो जुन्या मोबाईलवर, आणि तो नंबर काकांच्या पुतण्याचा. पुतण्या बोटीवर, परदेशात!

भिंतीवरच्या फलकावर कागदपत्रांची यादी आहे. पण नंबर फोटोत स्पष्ट दिसला पाहिजे, बिल हरवलं तर काय करायचं, मोबाईल नंबर कसा बदलायचा, यातलं तिथे एक अक्षर नाही. रांगेत उभा असताना मी बघत होतो. माझ्यापुढच्या सात जणांपैकी चौघे असेच परत गेले, त्यातले तिघे फोटोसाठीच. दुसऱ्या दिवशी तेच चौघे पुन्हा रांगेत. मग रांग वाढणार नाही तर काय? कर्मचारी कमी आहेत हे खरं, पण अर्धी गर्दी फलकानेच केलेली आहे असं माझं मत.

मदतीच्या बाबतीत मात्र तक्रार नाही. दुसऱ्या खेपेला खिडकीवरच्या बाईंनी अर्जाच्या पाठीमागे पेनाने चार ओळी लिहून दिल्या: बिलाऐवजी प्रतिज्ञापत्र, मोबाईल बदलण्यासाठी साधा अर्ज आणि आधारची प्रत. "काका, हे घेऊन या, मग रांगेत राहू नका, सरळ मला द्या," म्हणाल्या. काकांचं काम तिसऱ्या दिवशी वीस मिनिटांत झालं. पण असं लिहून मिळणं नशिबावर आहे. शेजारच्या खिडकीवर "ऑनलाईन बघा" एवढंच उत्तर होतं, आणि आमच्यातले कितीजण ऑनलाईन बघू शकतात?

त्या चार ओळी दारावर मोठ्या अक्षरांत लावाव्यात, असा लेखी अर्ज सोसायटीतर्फे कार्यालयात दिला असून पोचपावती फाईलला आहे. तोपर्यंत त्याच ओळी आपल्या ऑफिसच्या दारावर लावल्या आहेत. जाण्याआधी फोटो काढून न्या, आणि होडीचा नंबर आधी रंगवून घ्या.