चौघांची एक वही

आमच्या घरात खर्चाच्या तीन वह्या होत्या. एक माझ्या डोक्यात, दुसरी नवऱ्याच्या फोनमधल्या यूपीआयच्या यादीत, आणि तिसरी खरीखुरी, सासूबाईंच्या देवघराखालच्या खणात. तिच्यात दुधाचे खाडे आणि भाजीला दिलेले रोख पैसे. चौथा माणूस म्हणजे मुलगा, पुण्याला हॉस्टेलवर. त्याचा हिशेब ‘आई, हजार पाठव ना’ एवढाच. महिनाअखेरीला पैसे गेले कुठे, या प्रश्नाला तिघांकडे तीन उत्तरं असायची आणि तिन्ही खरी असायची.

सगळ्यांनी एकाच ठिकाणी लिहायचं, पण प्रत्येकाने आपापल्या नावाने, असं काहीतरी हवं होतं. तयार ॲप पुष्कळ आहेत. मी पाहिली त्यांतली काही एकट्या माणसासाठी होती, तर काहींत सगळ्या घराला मिळून एकच लॉगिन. मग कोणी काय लिहिलं ते कळायचा मार्ग उरत नाही. मला प्रोग्रामिंग येत नाही, एक्सेल बऱ्यापैकी येतं. म्हणून गूगल शीट्समध्ये हिशेब मांडला आणि त्यावर गूगलच्याच ॲपशीटने फोनवर चालणारं ॲप चढवलं. शीटमधल्या Extensions या मेनूत AppSheet सापडतं. दहा जणांपर्यंत चाचणी म्हणून वापरायला पैसे लागत नाहीत, आणि आम्ही चौघंच.

शीटमध्ये दोन पानं केली. Kharch या पानावर एका ओळीत एक खर्च: ओळखक्रमांक, तारीख, प्रकार, रक्कम, तपशील आणि कोणी लिहिलं ते. Prakar या पानावर प्रकाराचं नाव, महिन्याचं बजेट, झालेला खर्च आणि उरलेली रक्कम. नोंद करताना प्रकार हाताने टाइप करायचा नाही, Prakar पानावरच्या यादीतून निवडायचा. सुरुवातीला मी हे केलं नव्हतं. आठ दिवसांत ‘भाजी’, ‘भाजीपाला’ आणि ‘भाजी’च्या पुढे एक रिकामी जागा असे तीन वेगळे प्रकार तयार झाले. माणसाला ते एकच दिसतात, शीटला नाही.

प्रकार किती असावेत? मी उत्साहात चोवीस केले होते. बिस्किटं किराण्यात की खाऊत, यावर नवरा आणि मी दुकानात उभं राहून वाद घातला, आणि त्या रात्री त्यांचे दहा केले. माझी आता एक साधी कसोटी आहे: या प्रकाराचा आकडा वाढला तर आपण काही वेगळं करणार आहोत का? नसू, तर तो वेगळा प्रकार नको. साबण आणि तांदूळ दोन्ही किराण्यातच राहिले.

झालेला खर्च मोजायचं सूत्र Prakar पानावर प्रत्येक ओळीत असतं. तारीख B, प्रकार C आणि रक्कम D या रकान्यात धरली, तर दुसऱ्या ओळीतलं सूत्र असं:

```
=SUMIFS(Kharch!D:D, Kharch!C:C, A2,
 Kharch!B:B, ">="&EOMONTH(TODAY(),-1)+1,
 Kharch!B:B, "<"&EOMONTH(TODAY(),0)+1)
```

याचा अर्थ सरळ आहे: या प्रकारातल्या, चालू महिन्याच्या एक तारखेपासून पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आधीपर्यंतच्या रकमांची बेरीज कर. महिना बदलला की बेरीज आपोआप शून्यावर येते. जुन्या नोंदी तशाच राहतात.

या सूत्राने मला एकदा दगा दिला. ॲप सुरू करण्याआधीचे वीस दिवसांचे खर्च मी शीटमध्ये हाताने भरले होते, आणि बेरीज निम्म्याहून कमी येत होती. दोष सूत्राचा नव्हता. शीटच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका होता. तिथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. त्यामुळे ५ ऑगस्ट म्हणून लिहिलेलं 05/08 शीटने ८ मे समजून मे महिन्यात टाकलं. तेराव्या तारखेपासून पुढच्या तारखा तर तिला तारखा वाटल्याच नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. त्या नुसता मजकूर होऊन पडल्या आणि बेरजेत आल्याच नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते, मजकूर झालेली डावीकडे. File मधल्या Settings मध्ये Locale भारताचं करायचं, तिथेच Time zone भारताची आहे का ते बघायचं, आणि बिघडलेल्या तारखा पुन्हा लिहायच्या. वेळ परदेशी राहिली, तर एक तारखेला सकाळी आणलेलं दूध मागच्या महिन्याचं बजेट दाखवतं.

आता वेगळ्या लॉगिनकडे. ॲपशीटमध्ये सही करूनच आत येण्याची अट चालू ठेवायची आणि चौघांचे ईमेल पत्ते ॲपच्या शेअर यादीत घालायचे. ‘कोणी’ या रकान्याची सुरुवातीची किंमत म्हणून हे लिहायचं:

```
USEREMAIL()
```

आणि तो रकाना बदलता येऊ नये म्हणून Editable बंद करायचं. मग नोंद करणाऱ्याला आपलं नाव लिहावं लागत नाही आणि दुसऱ्याचं लिहिता येत नाही. ओळखक्रमांकालाही तसंच UNIQUEID() द्यायचं. ओळीचा नंबरच ओळख म्हणून ठेवला, तर पुण्यात मुलाने आणि घरी आम्ही नेट नसताना केलेल्या नोंदी नंतर एकाच नंबरावर हक्क सांगू शकतात.

इथे आमच्या घरातली एक गंमत उघडी पडली. पहिल्या आठवड्यात कोथिंबीर, गवार, देवळातले अकरा रुपये हे सगळं नवऱ्याच्या नावावर दिसत होतं, आणि नवरा तेव्हा नागपूरला होता. सासूबाईंचा फोन घेतला तेव्हा त्याने त्यात स्वतःचाच ईमेल घालून दिला होता. पुष्कळ घरांत आई-वडिलांच्या फोनवर मुलाचाच ईमेल असतो. आईंसाठी नवा पत्ता उघडला, ॲपमध्ये त्याने सही केली, आणि मगच ‘कोणी’ या रकान्याला अर्थ आला.

पण कोणी लिहिलं ते कळलं म्हणून हिशेब बरोबर येतोच असं नाही. पहिल्या महिन्यात किराणा ५,६४० रुपये दिसला आणि मी चक्रावले. झालं असं होतं की नवऱ्याने मला वाण्याकडे जायला ३,००० रुपये यूपीआयने पाठवले आणि ‘किराणा’ म्हणून नोंदवले. मी वाण्याचं २,६४० रुपयांचं बिल भरलं आणि तेही नोंदवलं. घरातून गेले २,६४०, वहीत पडले ५,६४०. तेव्हापासून नियम एकच: पैसे घराच्या उंबऱ्याबाहेर ज्याच्या हातून गेले, त्याने लिहायचं. नवरा-बायकोने एकमेकांना पाठवलेले पैसे, एटीएममधून काढलेली रोकड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांतलं काहीच लिहायचं नाही. कार्डावर चप्पल घेतली, तर ती घेतली त्या दिवशी लिहायची. पुढच्या महिन्यात बिल भरताना पुन्हा लिहिली तर चपला दोन जोड होतात.

बजेटचे आकडे पहिल्या महिन्यात घातलेच नाहीत, नुसतं लिहीत गेलो. मनाने घातलेले आकडे पाहुण्यासमोर सांगितल्यासारखे असतात. दुसऱ्या महिन्यात खऱ्या आकड्यांवरून ठरवले: किराणा ९,०००, दूध-भाजी-फळं ७,५००, वीज-गॅस-फोन ५,००० आणि असंच पुढे.

अडचण आली वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाची. विम्याचा हप्ता ३६,०००, दिवाळी २४,०००, गाडीचा विमा ६,०००, घरपट्टी ६,०००. एकूण ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. पण बजेटमध्ये ६,००० लिहून भागत नाही, कारण दिवाळीच्या महिन्यात ते खाणं उणे १८,००० दाखवतं आणि एरवी ६,००० उरल्याचं खोटं समाधान देतं. म्हणून दर महिन्याला ६,००० वेगळ्या बचत खात्यात टाकतो आणि टाकले त्याच दिवशी ते ‘वार्षिक’ या प्रकारात खर्च म्हणून लिहितो. वर्षभर यातले पैसे वापरताना मात्र काही लिहायचं नाही. उंबऱ्याच्या नियमाला हा आम्ही मुद्दाम ठेवलेला अपवाद. यात तोटा आहे: दिवाळीत फराळाला किती आणि कपड्यांना किती हे या वहीतून कळत नाही. मला ते चालतं. आणि एक सावधगिरी: खात्यात काही शिल्लक आधी हवी, नाहीतर सुरू केल्यावर तिसऱ्याच महिन्यात विम्याचा हप्ता दारात उभा राहतो.

सगळं मार्गी लागल्यावर सासूबाईंनी विचारलं, “मी माझ्या लेकीला पाचशे रुपये दिले तर ते सगळ्यांना दिसणार का गं?”

प्रश्न रास्त होता. मी ‘खासगी’ असा हो-नाहीचा एक रकाना वाढवला आणि Kharch पानाला ॲपशीटच्या Security filters मध्ये ही अट लावली:

```
OR(NOT([Khasgi]), [Kon] = USEREMAIL())
```

म्हणजे खासगी नोंद जिची तिलाच दिसेल. ॲपशीटमध्ये ओळी लपवायचा स्लाइस नावाचा आणखी एक मार्ग आहे, पण तो फक्त पडद्यावरून लपवतो, माहिती फोनवर येतेच. या अटीने ती इतरांच्या फोनवर पोचतच नाही. शिवाय बेरीज शीटमधलं सूत्र करतं आणि त्याला सगळ्या ओळी दिसतात, त्यामुळे रक्कम बजेटमध्ये धरली जाते, तपशील तेवढा झाकला जातो. मूळ शीट मात्र कोणालाही शेअर करायची नाही. ॲप वापरायला तिची परवानगी लागत नाही, आणि ती ज्याच्या हाती असेल त्याच्यापुढे ही अट कुचकामी आहे.

मी हे आईंना कौतुकाने समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मूळ वही कोणाकडे आहे?”

माझ्याकडे. शीट माझ्या खात्यात, म्हणजे चौघांच्याही खासगी ओळी मला उघड्या. यावर कुठलंही सेटिंग नाही. वही कोणाच्या तरी नावावर असावीच लागते. नवऱ्याच्या नावावर केली असती तरी प्रश्न तोच राहिला असता, फक्त सुनेच्या जागी मुलगा आला असता.

तो रकाना मी काढून टाकला, अटही काढली. ‘हातखर्च’ नावाचा प्रकार केला. एक तारखेला प्रत्येकाच्या नावावर २,००० रुपयांची एकच ओळ पडते आणि त्यापुढे त्या पैशांचं काय झालं हे कुठेच लिहायचं नसतं. मुलाला ही व्यवस्था फार आवडली. आई भाजी, दूध, देवळातले अकरा रुपये आता न चुकता ॲपमध्ये घालतात, खाडे मात्र अजून खणातल्या वहीतच लिहितात, आणि दूधवाल्याशी हिशेब करताना तीच वही काढतात.