लेखावर नाव कोणाचं, आणि कितवं?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर कणकवलीच्या काही विद्यार्थ्यांनी आम्हांला थांबवलं आणि विचारलं, "सर, चौघांनी मिळून प्रकल्प केला, आता लेख छापायला पाठवायचाय. पहिलं नाव कोणाचं?" आम्ही म्हटलं, याचं उत्तर उभ्याउभ्या देता येणार नाही. कारण हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. लेखक कोण, हा पहिला. त्यांचा क्रम काय, हा दुसरा. भांडण होतं ते बहुतेक वेळा हे दोन एकत्र कालवल्यामुळे.

एक उदाहरण घेऊ. ते आम्ही समजुतीसाठी रचलेलं आहे. चार विद्यार्थी आहेत. कणकवलीच्या आसपासच्या वाड्यांतल्या 40 विहिरींची पाणीपातळी फेब्रुवारी ते मे दर आठवड्याला मोजायची, असा प्रकल्प. कल्पना एका मुलीची. कुठल्या विहिरी घ्यायच्या, कसं मोजायचं, हे तिनेच ठरवलं. एक मुलगा सोळा आठवडे टेप घेऊन विहिरी फिरला. तिसऱ्याने आपली मोटारसायकल दिली आणि दोनदा सोबत गेला. चौथीने आकड्यांचे आलेख काढले आणि इंग्रजीत लेख लिहिला. आता लेखक किती?

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिच्या चार अटी आता वैद्यकाबाहेरही पुष्कळ ठिकाणी मानल्या जातात. पहिली अट अशी की कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचं विश्लेषण, यांपैकी कशात तरी भरीव वाटा हवा. दुसरी, लेख लिहिण्यात किंवा त्याची चिकित्सक तपासणी करण्यात भाग हवा. तिसरी, अंतिम मसुद्याला मान्यता हवी. चौथी, लेखाच्या खरेपणाची जबाबदारी घेण्याची तयारी हवी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. मोटारसायकलवाला पहिल्याच अटीशी थांबतो. त्याचे आभार मानायचे, नावानिशी मानायचे, पण तो लेखक नव्हे.

आता विहिरी मोजणाऱ्याकडे या. पहिली अट त्याने पूर्ण केली. पण लेख इंग्रजीत, रात्री दुसरीच्या लॅपटॉपवर लिहिला गेला. त्याला कोणी दाखवलाच नाही. मग म्हणतात, "त्याने लिहिण्यात काय केलं? दुसरी अट पुरी होत नाही. त्याला आभारात घालू." ऐकायला नियमाला धरून वाटतं ना? इथेच खरा अन्याय होतो. त्याच समितीने स्पष्ट म्हटलं आहे की दुसऱ्या-तिसऱ्या अटीची संधीच नाकारून कोणाला लेखकपणातून वगळण्यासाठी या अटी नाहीत. पहिली अट पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मसुदा वाचायची, सुधारायची संधी मिळाली पाहिजे. दार आपणच बंद करायचं आणि मग 'तू आत आला नाहीस' म्हणायचं, हे तर्काला धरून नाही.

आणि चिकित्सक तपासणी म्हणजे इंग्रजी सुधारणं नव्हे. समजा, मसुदा त्याच्यासमोर ठेवला आणि मराठीत समजावून सांगितला. तो आलेख बघून म्हणतो, "ह्या तीन विहिरी एप्रिलात एकदम खाली गेल्यासारख्या दिसतायत, पण तसं नाही. तिथे सकाळी बागेला पंप लावतात. मी पोचायचो तेव्हा पंप नुकताच बंद झालेला असायचा." झालं! पंप थांबल्यावर विहीर पुन्हा भरायला वेळ लागतो. त्यामुळे ती मापं स्थिर पातळीची नाहीतच, उपशानंतरच्या पातळीची आहेत. ती बाजूला काढावी लागतील, निष्कर्षातलं एक वाक्य बदलेल. ही दुसरी अट त्याने मालवणीत बोलून पूर्ण केली. ही चूक तो सोडून दुसऱ्या कोणाला दिसली नसती.

तेव्हा लेखक तीन. आता क्रम. गणितात आणि सैद्धांतिक विषयांत पुष्कळदा आडनावांची वर्णानुक्रमे मांडणी करतात. प्रयोगशाळेच्या विषयांत पहिलं नाव सर्वांत जास्त काम करणाऱ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं, असा प्रघात आहे. 1964 सालच्या गुरुत्वाकर्षणावरच्या लेखावर 'हॉयल आणि नारळीकर' असा क्रम आहे. हॉयल वयाने, मानाने मोठे, आणि इंग्रजी वर्णानुक्रमातही आधी. नुसत्या क्रमावरून कारण सांगता येत नाही. म्हणून कुठला प्रघात पाळलाय ते लेखात एका ओळीत लिहावं. वर्णानुक्रम घेतलात तर लिपीही सांगा. गावडे, चव्हाण, तावडे, राणे हा देवनागरी क्रम. रोमन लिपीत चव्हाण गावड्यांच्या आधी जातात आणि राणे तावड्यांच्या.

क्रमावरून एवढी ओढाताण का, तेही समजून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत विज्ञानाच्या एका लेखाला 8 गुण आहेत. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला त्यातले 70 टक्के म्हणजे 5.6, आणि बाकीच्या प्रत्येकाला 30 टक्के म्हणजे 2.4. हे गुण शिक्षकांच्या निवड-बढतीसाठी मोजतात. म्हणजे मुलांच्या लेखावर पहिल्या जागेचा मोह कोणाला होऊ शकतो, ते सांगायला नको. मार्गदर्शकालाही त्याच चार अटी लागू आहेत. नुसती सही केली म्हणून कोणी लेखक होत नाही.

मग ठरवायचं कसं? तीन वेळा बसा: काम सुरू करताना, माहिती गोळा झाल्यावर, आणि लेख पाठवण्याआधी. दर वेळी प्रत्येकाने आपला क्रम आणि त्याचं कारण चिठ्ठीवर लिहायचं, दुसऱ्याचं न बघता, आणि मग सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. आधी बोलायला लावलंत तर जो मोठ्याने बोलतो त्याचाच क्रम ठरतो. आपल्या उदाहरणात मोजणारा आणि लिहिणारी यांत निवड होत नसेल, तर दोघांचं योगदान समान, अशी टीप नावांपाशी द्यावी. पुष्कळ नियतकालिकं ती छापतात.

पण आमच्या मते क्रमावर सगळा भार टाकूच नये. क्रम ही एक सरळ रेघ आहे. कल्पना, पायपीट, आकडेमोड आणि लेखन या चार जातीच्या गोष्टी एका रेघेवर बसत नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा सुकथनकर प्रमुख संपादक होते. तरी सभापर्व एजर्टन यांनी, विराटपर्व रघुवीर यांनी, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी संपादलं, आणि त्या त्या पर्वावर त्यांचंच नाव आहे. कोणी काय केलं हे लिहिलं की कोण कितवा याची धार कमी होते. आजची नियतकालिकं लेखाच्या शेवटी योगदानाचा तपशील मागतात. त्यासाठी चौदा भूमिकांची एक ठरलेली यादीही आहे. आपल्या तिघांचा तपशील तीन ओळींत मावेल, आणि त्यात 'पंप चालू असलेल्या विहिरींची मापं ओळखून वगळली' हेही येईल.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट. लेख पाठवताना प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल पत्ता द्या, सगळ्यांच्या नावापुढे सरांचाच नको. नंतर नाव घालायचं किंवा काढायचं झालं तर संपादक सर्व लेखकांची लेखी संमती मागतात. पत्र ज्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्याची संमती दुसराच कोणीतरी देऊन टाकतो. विहिरीवर सोळा आठवडे गेलेल्या मुलाला आपलं नाव गेल्याचं लेख छापून आल्यावर कळू नये, एवढी काळजी पाठवण्याच्या दिवशीच घ्यायची असते.