पंचविशीतल्या स्वतःला पत्र

एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिकने सत्तराव्या वर्षी पंचविशीतल्या स्वतःला पत्र लिहिलं. सिगारेट सोडून त्याला वीस वर्षं झाली आहेत. 'बाबा रे, आज तुझ्याकडे चार लिटर आहेत,' असं तो सुरुवातीलाच सांगतो.

हे चार लिटर म्हणजे हवा. छाती भरून श्वास घ्यायचा आणि यंत्राच्या नळीत सगळा जोर लावून फुंकायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते यंत्र मोजतं. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. तिशीच्या आसपासपासून प्रत्येकाचाच हा आकडा दरवर्षी साधारण ३० मिलिलिटरने उतरत जातो. धुराचा मार ज्यांच्या फुप्फुसांना बसतो, त्यांच्यात ही घट दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. सगळ्याच धूम्रपान करणाऱ्यांचं असं होत नाही, पण आपला नंबर त्यात आहे की नाही हे आधी कळत नाही.

त्याचा नंबर होता. पंचवीस वर्षांत त्याचे सुमारे दीड लिटर गेले आणि पन्नाशीला अडीच उरले. गाडीखालून उठून जिना चढताना धाप लागायची. तो म्हणायचा, वय झालं.

गेलेले दीड लिटर परत आले नाहीत. लंडनमधल्या कामगारांची फुप्फुसं अनेक वर्षं पुन्हा पुन्हा तपासून फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं: सिगारेट सोडल्यावर झालेली झीज भरून येत नाही, मात्र पुढची घट न ओढणाऱ्या माणसाइतकी मंदावते. आज त्याच्याकडे एक लिटर नऊशे मिलिलिटर आहेत. ओढत राहिला असता तर १.३ लिटर उरले असते, आणि तेवढ्यावर बाजारातली पिशवी घरी आणणंही जड जातं. हा फरक त्याने पत्रात दोनदा अधोरेखित केला आहे, आणि ते योग्यच आहे.

आयुष्याचा हिशेबही मिळतो. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा पन्नास वर्षं मागोवा घेतला. पन्नाशीत सोडणाऱ्याला सरासरी सहा वर्षं जास्त मिळतात, तिशीत सोडणाऱ्याला जवळपास दहा, असं त्यातून दिसलं.

पत्राचा शेवटचा भाग निकोटिनच्या च्युइंगगमविषयी आहे. तो ते साध्या गमसारखं चघळायचा, वर चहा प्यायचा आणि तलफ तशीच राहायची. चहाने तोंड आंबट होतं आणि निकोटिन गालातून नीट शोषलं जात नाही. 'चहानंतर पंधरा मिनिटं थांब,' असं तो लिहितो. 'हळू चाव, झणझणलं की गालात दाबून ठेव, झणझण ओसरली की पुन्हा चाव. अर्धा तास हेच करायचं.'